एक झेरॉक्स मशीन, एक रांग: मशीनवाला किती वेळ कामात असतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरातले संख्याशास्त्राचे आणि एमबीएचे विद्यार्थी, आणि अधूनमधून एखादे दुकानदारसुद्धा, रांगेच्या गणिताबद्दल जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच ठेवलं आहे. सीताबर्डीतलं एक झेरॉक्सचं दुकान धरा. मशीन एक, चालवणारा एक, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ५. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत.

१. तासाला सरासरी १२ गिऱ्हाइकं येतात आणि एकाला सरासरी ४ मिनिटं लागतात. मशीनवाला किती वेळ कामात असेल?

दीर्घकाळात ८० टक्के वेळ. आगमनाचा दर λ (लॅम्डा) तासाला १२ आहे. एका कामाला ४ मिनिटं, म्हणजे सलग काम केलं तर तासाला १५ गिऱ्हाइकं उरकतात. हा सेवेचा दर μ (म्यू). कामात असण्याचा वाटा ρ (रो) म्हणजे या दोन दरांचं गुणोत्तर:

ρ = λ/μ = १२/१५ = ०.८

उरलेला १ − ρ, म्हणजे २० टक्के वेळ, मशीन रिकामं. "दीर्घकाळात" हा शब्द या उत्तराचा भाग आहे. आजच्या एका दिवसात ८० टक्केच भरतील असं हे सूत्र म्हणत नाही. एका दिवसाचं काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२. एवढंच? नुसता भागाकार? सिद्धता काय?

सिद्धता दोन वाटांनी होते, आणि दोन्ही माहीत असाव्यात, कारण प्रत्येक वाट वेगळी गोष्ट दाखवते.

पहिली वाट कामाच्या हिशेबाची. गिऱ्हाइकं मोजू नका, त्यांनी आणलेलं काम मिनिटांत मोजा. तासाला १२ जण येतात, प्रत्येक जण सरासरी ४ मिनिटांचं काम आणतो, म्हणजे दर तासाला ४८ मिनिटांचं काम दुकानात येतं. रांग वाढत वाढत कायमची तुंबत नसेल, तर आलेलं काम शेवटी होतंच. मशीनवाला एका मिनिटात एका मिनिटाचंच काम करतो. मग तासाला ४८ मिनिटांचं काम उरकायला त्याला सरासरी ४८ मिनिटंच कामात राहावं लागणार. ४८/६० = ०.८.

दुसरी वाट अवस्थांची. दुकानात एका क्षणी n गिऱ्हाइकं असण्याचा दीर्घकालीन वाटा p_n म्हणू. दुकानातली संख्या २ वरून ३ होते आणि कधीतरी ३ वरून २ होते. २ वरून ३ वर दोनदा जायचं असेल तर मधे एकदा खाली यावंच लागतं, म्हणून वर जाण्याच्या आणि खाली येण्याच्या खेपांत जास्तीत जास्त एकाचाच फरक राहतो. दीर्घकाळात दोन्हींचा दर सारखा:

λ p_n = μ p_(n+1)

म्हणजे p_1 = ρ p_0, p_2 = ρ² p_0, आणि असंच पुढे. सगळ्यांची बेरीज १ व्हायला हवी. भूमितीय श्रेणीची बेरीज p_0/(1−ρ) येते, म्हणून p_0 = 1−ρ. दुकान रिकामं असण्याचा वाटा ०.२, बाकीचा ०.८ कामाचा. मात्र ही श्रेणी ρ < 1 असेल तरच बेरजेला बसते. नसेल तर काय, ते प्रश्न ६ मध्ये.

३. पहिल्या सिद्धतेत "घातांकी" हा शब्द कुठेच आला नाही. मग पुस्तकात ते गृहीतक कशाला?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ρ = λ/μ हे उत्तर घातांकी वितरणावर अवलंबून नाही. प्रत्येक काम मोजून ४ मिनिटांचं असलं, तरी एकच मशीन आणि न तुंबणारी रांग असेल तर वाटा ०.८ च.

घातांकी गृहीतक लागतं ते ०.८ च्या आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींना: रांग किती लांब, थांबायला किती वेळ, कामाचा एक सलग पट्टा किती चालतो, मोजमाप किती हेलकावतं. p_n ची भूमितीय श्रेणीसुद्धा त्यातूनच येते, कारण दुसऱ्या सिद्धतेत "n जण असताना निघून जाण्याचा दर μ" असं म्हणताना चालू काम किती वेळ झालं याची आपण फिकीर केली नाही. ही स्मृतिहीनता फक्त घातांकी वितरणात असते.

झेरॉक्सच्या दुकानात घातांकी सेवा म्हणजे काय ते पाहा. सरासरी ४ मिनिटं असली तरी साधारण २२ टक्के कामं एका मिनिटाच्या आत होतात: आधार कार्डाची एक प्रत, मार्कशीटच्या दोन. उलट ५ टक्के कामांना १२ मिनिटांहून जास्त लागतात: कुणी पूर्ण प्रबंध पाठपोट काढायला आणतो. कमी वेळाची कामं पुष्कळ आणि लांबलचक कामं मोजकी, असं चित्र दिसत असेल तर गृहीतक ठीक बसतं. पासपोर्ट फोटोच्या दुकानात प्रत्येकाला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, तिथे ते बसत नाही.

आगमन आणि सेवा दोन्ही घातांकी आणि सर्व्हर एक, या रांगेला M/M/1 म्हणतात. ही खूण डेव्हिड केंडॉल यांनी १९५३ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीतली. रांगेचं गणित त्याआधीच, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. अर्लांग यांनी सुरू केलं होतं. ρ ला तसं एकक नाही, पण टेलिफोनवाले अजूनही "०.८ अर्लांग" असंच म्हणतात.

४. तासातली १२ मिनिटं तो रिकामा असतो, तरी मला इतकं थांबावं का लागतं?

कारण ती १२ मिनिटं तुमच्या सोयीने वाटलेली नसतात. मशीनवाल्याचा दिवस आलटून पालटून येणाऱ्या पट्ट्यांचा असतो: एक रिकामा, एक कामाचा. रिकामा पट्टा पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंतचा, म्हणजे सरासरी १/λ = ५ मिनिटांचा. कामाचा पट्टा पहिलं गिऱ्हाईक आल्यापासून दुकान पूर्ण मोकळं होईपर्यंतचा, सरासरी 1/(μ−λ) = १/३ तास, म्हणजे २० मिनिटांचा. एकूण २५ मिनिटांत २० कामाची: पुन्हा ०.८. हीच तिसरी सिद्धता समजा.

आता कामाच्या पट्ट्याच्या आत डोकावू. एका पट्ट्यात सरासरी 1/(1−ρ) = ५ गिऱ्हाइकं उरकतात. पण पहिलं गिऱ्हाईक निघून जायच्या आत दुसरं न येण्याची शक्यता μ/(λ+μ) = १५/२७, म्हणजे जवळजवळ ५६ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त पट्टे एकाच गिऱ्हाइकात संपतात, आणि तरी सरासरी पाच येते. ती सरासरी वर ओढणारे पट्टे थोडे आणि फार लांब असतात. बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी त्याच लांब पट्ट्यांत सापडतात.

म्हणून रांगेतलं सरासरी थांबणं येतं ρ/(μ−λ) = ०.८/३ तास, म्हणजे १६ मिनिटं. ४ मिनिटांच्या कामासाठी १६ मिनिटं उभं राहणं. λ वाढून तासाला १३.५ झाला तर ρ फक्त ०.९ होतो, पण थांबणं ३६ मिनिटांवर जातं. कामात असण्याचा वाटा हळू वाढतो, थांबणं झपाट्याने वाढतं.

५. मग दहापैकी आठ गिऱ्हाइकांना थांबावं लागतं, असं म्हणू का?

या दुकानात हो, पण ही वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळं कारण लागतं. ०.८ हा घड्याळाचा वाटा. "दहापैकी आठ" हा गिऱ्हाइकांचा वाटा. दोन्ही सारखे येतात कारण इथे आगमन प्वासों प्रकारचं आहे: येणाऱ्याला आत काय चाललंय याची कल्पना नसते, तो घड्याळाच्या कुठल्याही क्षणी टपकतो, म्हणून घड्याळाला जे दिसतं तेच त्याला दिसतं. रोनाल्ड वुल्फ यांनी १९८२ मध्ये हा गुणधर्म नीट सिद्ध करून मांडला.

आगमन प्वासों नसेल तर हे तुटतं. समजा, दुकानदाराने नंबर वाटले आणि बरोबर दर ५ मिनिटांनी एक गिऱ्हाईक येऊ लागलं. सेवा पूर्वीसारखीच घातांकी. मशीन अजूनही ८० टक्के वेळ कामात, कारण प्रश्न २ चा कामाचा हिशेब बदलला नाही. पण थांबावं लागणाऱ्या गिऱ्हाइकांचा वाटा आता ८० नाही, सुमारे ६३ टक्के. (तो σ = e^(−1.25(1−σ)) हे समीकरण सोडवून मिळतो.) परीक्षेत "सर्व्हर व्यस्त असण्याची शक्यता" आणि "गिऱ्हाइकाला थांबावं लागण्याची शक्यता" हे एकच समजून लिहिलं की मार्क जातात ते इथेच.

६. λ आणि μ सारखे असतील तर? किंवा λ मोठा असेल तर? तेव्हा ρ = १.२ म्हणजे १२० टक्के कामात?

कोणीही १०० टक्क्यांहून जास्त कामात असू शकत नाही. λ > μ असेल तर λ/μ हा येणाऱ्या कामाचा भार राहतो, कामात असण्याचा वाटा राहत नाही. तो वाटा १ होतो.

तासाला १८ येत असतील आणि १५ उरकत असतील, तर तासाला सरासरी ३ ने रांग वाढते. तरी सुरुवातीला दुकान काही वेळा रिकामं होऊ शकतं, कारण एक कामाचा पट्टा संपण्याची शक्यता μ/λ = १५/१८, म्हणजे ८३ टक्के असते. पण कधी ना कधी असा पट्टा सुरू होतो की तो संपतच नाही.

λ = μ ही कडेची स्थिती जास्त फसवी आहे. दुकान परत परत रिकामं होणार हे नक्की, पण दोन रिकाम्या क्षणांमधला सरासरी काळ अनंत. कामात असण्याचा वाटा १ कडे सरकतो, रांग मात्र कुठल्याच पातळीवर स्थिरावत नाही. म्हणून "क्षमता आणि मागणी तंतोतंत जुळवली" हे नियोजन रांगेच्या बाबतीत चालत नाही.

७. मी दुकानात बसून आकडे घेतले, तर ρ बरोबर १ आला. चूक कुठे झाली?

जवळजवळ नक्कीच μ काढताना. दिवसात ७२ गिऱ्हाइकं झाली, दुकान ६ तास उघडं, म्हणून μ = ७२/६ = १२ असं केलं असेल. हा सेवेचा दर नव्हे. बाहेर पडणाऱ्यांचा हा दर आत येणाऱ्यांइतकाच असतो, म्हणून भागाकार नेहमी १ च्या आसपास येणार.

μ साठी भाजक उघड्या वेळेचा नाही, कामाच्या वेळेचा घ्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलं ती वेळ आणि संपलं ती वेळ लिहा. ७२ कामांना मिळून २८८ मिनिटं लागली, तर एकाला ४ मिनिटं आणि μ तासाला १५. काम सुरू होण्याचा क्षण म्हणजे पान काचेवर ठेवण्याचा नाही. पेन ड्राइव्ह लावणं, फाइल शोधणं, सुटे पैसे परत करणं, हे सगळं सेवेत धरायचं, कारण तेवढा वेळ पुढचं गिऱ्हाईक अडलेलं असतं.

λ मोजताना दारातून आत आलेले सगळे मोजा. गर्दी बघून परत गेलेल्यांची नोंद वेगळी ठेवा (प्रश्न ९).

८. सोमवारी ६५ टक्के आले, मंगळवारी ९०. सूत्र चुकीचं आहे का?

नाही. सहा तास हा काळ फार थोडा आहे. T इतक्या काळात मोजलेल्या वाट्याचं प्रमाण विचलन साधारण √(2ρ/(μT)) असतं. इथे μT = १५ × ६ = ९०, म्हणून √(१.६/९०), म्हणजे सुमारे ०.१३. रोजचा आकडा ८० च्या आजूबाजूला १३ टक्क्यांनी हलणं अगदी साधं आहे. हे विचलन २ टक्क्यांपर्यंत आणायचं तर सुमारे २६७ तास, म्हणजे असे ४४ दिवस मोजावं लागेल.

सूत्रातला तो २ बघण्यासारखा आहे. त्यातला एक भाग गिऱ्हाइकं कमीजास्त येण्यामुळे, दुसरा कामाचा वेळ कमीजास्त लागण्यामुळे. प्रत्येक काम मोजून ४ मिनिटांचं असतं तर २ च्या जागी १ आला असता. वाटा तोच ०.८, पण हेलकावे कमी. प्रश्न ३ मध्ये म्हटलं ते हेच.

शिवाय एक कल कायमचा असतो. दुकान रोज रिकामं उघडतं, आणि ५ वाजता आत काही काम शिल्लक असतं. दीर्घकाळात शिल्लक कामाची सरासरी १६ मिनिटं, रिकाम्यापासून सुरू केल्यामुळे संध्याकाळपर्यंत त्याहून थोडी कमी. तेवढं काम ११ ते ५ च्या हिशेबात येत नाही. म्हणून ३६० मिनिटांत सरासरी २८८ ऐवजी २७२ ते २८८ च्या मधे कुठेतरी आकडा येतो, आणि वाटा ८० च्या थोडा खाली दिसतो.

हाताने मोजायला सवड नसेल तर संगणकावर पाहा:

```python
import random
lam, mu, n = 12, 15, 1000000
t = free = busy = 0.0
for _ in range(n):
    t += random.expovariate(lam)
    s = random.expovariate(mu)
    free = max(t, free) + s
    busy += s
print(busy / free)
```

`n` दहा लाख असताना उत्तर ०.८ च्या अगदी जवळ येतं. `n = 72` करून पाच-सहा वेळा चालवा, म्हणजे सोमवार आणि मंगळवार दोन्ही भेटतील. `lam = 18` ठेवलं तर १ च्या जवळचा आकडा दिसेल (प्रश्न ६).

९. गर्दी दिसली की लोक दुसऱ्या दुकानात जातात. मग ρ किती?

मग λ/μ थेट वापरता येत नाही, कारण आलेलं सगळं काम आत शिरतच नाही. समजा, ज्याचं काम चालू आहे तो धरून दुकानात एका वेळी जास्तीत जास्त K जण असतात, K + १ वा माणूस निघून जातो. तेव्हा

रिकामं असण्याचा वाटा p_0 = (1−ρ)/(1−ρ^(K+1))

K = ५ आणि ρ = ०.८ घातलं की p_0 = ०.२७, म्हणजे मशीन ७३ टक्केच कामात. सुमारे ९ टक्के लोक परत गेले, आत आलेल्यांचा दर तासाला १०.९ उरला, आणि १०.९/१५ = ०.७३. म्हणजे मूळ नियम टिकतोच, फक्त λ च्या जागी आत आलेल्यांचा दर घालायचा.

आता तासाला १८ येऊ द्या. ρ = १.२, तरी p_0 = ०.१०, म्हणजे १० टक्के वेळ मशीन रिकामं! मागणी क्षमतेहून जास्त, आणि तरी मशीनवाला मधेच मोकळा बसलेला. त्याच्याकडे बघून "धंदा मंद आहे" म्हणू नका. धंदा दारातून परत गेलेला असतो. (ρ बरोबर १ असेल तर वरचं सूत्र ०/० देतं. तेव्हा p_0 = 1/(K+1) घ्या.)

१०. दुसरं मशीन घेतलं तर?

रांग एकच ठेवून तशाच वेगाचं दुसरं मशीन आणि दुसरा माणूस घेतला, आणि काम सारखं वाटलं गेलं, तर प्रत्येक मशीन λ/(2μ) = ४० टक्के कामात. "निदान एक मशीन चालू" असण्याचा वाटा मात्र ५७ टक्के. त्याऐवजी दुप्पट वेगाचं एकच मशीन घेतलं तर ते ४० टक्के वेळ चालू. यापुढचं M/M/2 चं गणित या पानाच्या बाहेरचं आहे.

११. मे महिन्यात दुपारी उन्हामुळे रस्ते ओस पडतात आणि संध्याकाळी झुंबड होते. तेव्हा सरासरी λ चालेल का?

कामात असण्याच्या वाट्यासाठी चालेल, रांगेसाठी नाही. अर्धा वेळ तासाला ६ आणि अर्धा वेळ १८ येत असतील, तर सरासरी १२. तुंबलेलं काम रोज पूर्ण उरकलं जात असेल आणि कोणी परत जात नसेल, तर कामाचा हिशेब पूर्वीसारखाच, ०.८. पण १८ च्या तासांत रांग क्षमतेपलीकडे वाढत असते. तिथे १६ मिनिटांचं थांबणं धरून बसाल तर फसाल. प्रश्न ४ आणि ५ ची उत्तरं λ दिवसभर सारखा असेल तेव्हाचीच आहेत. आणि खऱ्या दुकानात संध्याकाळची झुंबड पाहून लोक निघून जातात, तेव्हा प्रश्न ९ लागू होतो आणि वाटा ०.८ च्या खाली येतो.

१२. कागद अडकतो, लाइट जाते. तो वेळ कामात धरायचा की रिकामा?

दोन्हींत नाही, त्याचा तिसरा रकाना करा. समजा, दर ६ तासांत सरासरी १ तास मशीन बंद असतं, बंद पडण्याचा गर्दीशी संबंध नाही, आणि गिऱ्हाइकं तरीही येऊन थांबतात. आलेलं काम तेवढंच, म्हणून प्रत्यक्ष कामाचा वाटा ८० टक्केच. बंद असण्याचा वाटा १६.७ टक्के. खरोखर रिकामं राहायला उरतात जेमतेम ३.३ टक्के. अट आता ρ < 1 अशी राहत नाही, ρ < ०.८३३ अशी होते. बंद वेळ आणखी १२ मिनिटांनी वाढला, म्हणजे ६ तासांत ७२ मिनिटं झाला, की चालू वेळाचा वाटा बरोबर ०.८ होतो आणि आपण प्रश्न ६ मधल्या कडेवर पोहोचतो. लाइट जाताना छापत असलेलं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत असेल, तर तो वाया गेलेला वेळ सेवेच्या वेळेत मिळवून μ नव्याने काढा. हे केलं नाही तर ०.८ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी निघेल.